गणपतीआधी घर पूर्ण होणार नाही, हे काकांना फोनवर कसं सांगू?

*ताई, मी देवगड तालुक्यात घरदुरुस्तीची लहान कामं घेतो. एका मुंबईकर काकांच्या जुन्या घरामागे नवीन स्वयंपाकघर आणि न्हाणीघर बांधतोय. २५ ऑगस्टला रंगासकट सगळं देतो म्हणून शब्द दिला होता. स्लॅब झाला, पण आतलं प्लास्टर अजून सुरू नाही. मध्ये बारा दिवस माझे गवंडी दुसऱ्या कामावर होते, आणि पाऊस तर आहेच. काकांचा दर दोन दिवसांनी फोन येतो, मी 'होतला, काळजी करू नका' म्हणतो. ते १२ सप्टेंबरला सकाळी गावी पोचणार, १४ ला गणपती. आता त्यांचा फोन उचलायची भीती वाटते. काय सांगू? पाऊस म्हटलं तर चालेल का?*

पाऊस म्हणू नका. मी हे एकदा म्हणून बघितलं आहे. राजापूरच्या बाजूला एका घराची पडवी करत होते, काम तीन आठवडे मागे पडलं, आणि घरमालकीणबाईंना मी फोनवर सांगितलं, "यंदा पाऊस फारच लागलाय हो." त्या शांतपणे म्हणाल्या, "जूनमध्ये पाऊस येतो हे मला ठाण्यात बसून माहीत आहे. तारीख देताना तुम्हाला माहीत नव्हतं का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यानंतर मी जे जे सांगितलं, ते खरं असूनही त्यांना खोटं वाटत राहिलं.

तेव्हापासून मी एक कसोटी लावते. जी गोष्ट तारीख देताना मला माहीत होती, किंवा माहीत असायला हवी होती, ती उशिराचं कारण म्हणून सांगायची नाही. ती सबब होते. कोकणात ऑगस्टमधला पाऊस यातच बसतो. घाटात दरड कोसळून फरशीचा ट्रक अडकला, तर ते मात्र सांगावं, आणि त्याच दमात आपण त्या दिवशी काय केलं तेही सांगावं. तुमच्या पत्रात खरं कारण तुम्ही स्वतःच लिहिलं आहे: बारा दिवस गवंडी दुसऱ्या कामावर होते. सांगायचं ते एवढंच.

काका चिडतील, हे खरं. पण असं बघा, घराशेजारी त्यांचे कोणी चुलत भाऊ, वहिनी राहत असतीलच. बारा दिवस त्या घरावर थापीचा आवाज आला नाही, हे त्यांनी पाहिलेलं आहे आणि मुंबईला कळवलेलंही असणार. दर दोन दिवसांनी येणारा फोन काळजीचा आहेच, पण मला वाटतं, तुम्ही आपणहून सांगता का, हेही ते बघताहेत. अशा माणसाला पाऊस सांगितलात तर उशिराच्या जोडीला खोटंही पदरी येईल.

आता फोनच्या आधीचं काम, कारण नवी तारीख फोनवर बोलता बोलता सुचली की ती पुन्हा चुकते. उद्या सकाळी कागद घेऊन बसा आणि उरलेलं काम क्रमाने लिहा. मग गवंडी, इलेक्ट्रिशियन, नळकाम करणारा आणि फरशीचा दुकानदार, चौघांनाही एकेक फोन करा. "या तारखेला येशील ना?" असं विचारू नका, त्यावर सगळेच हो म्हणतात. "त्या आठवड्यात तू कुठे कुठे कामाला आहेस?" असं विचारा, म्हणजे खरं काय ते बाहेर येतं. फरशी बुक केली आहे की दुकानात येऊन पडली आहे, हेही नक्की विचारून घ्या.

तुम्ही लिहिलंत त्यावरून मी कॅलेंडर मांडून बघितलं. काकांना सोमवारी, १० ऑगस्टला फोन करायचा आणि ११ पासून काम धरायचं. प्लास्टरच्या आधी भिंतीत खाचा मारून वायरिंगचे आणि पाण्याचे पाइप बसवून घ्यावे लागतील, नाहीतर केलेलं प्लास्टर पुन्हा फोडायची पाळी येते. त्याला ११ आणि १२ हे दोन दिवस. प्लास्टरला चार दिवस धरू. १५ ऑगस्टची सुट्टी आणि १६ चा रविवार सोडला तर ते १८ ला संपतं. मग सात दिवस प्लास्टरला पाणी मारायचं. बाहेर पाऊस असला तरी आतल्या भिंतींना हाताने पाणी मारावंच लागतं, आणि हे सात दिवस कापायचे नाहीत. म्हणजे २५ ऑगस्ट आला, ज्या दिवशी तुम्ही घर देणार होतात.

२६ पासून फरशी आणि भिंतीच्या टाइल्स, पाच दिवस. इथे थांबून बघा, २८ ला नारळी पौर्णिमा आहे. किनाऱ्यावरच्या गावात त्या दिवशी कामगार येईल, असं धरून चालू नका. ३० ला रविवार. टाइल्स १ सप्टेंबरला संपतील. २ आणि ३ ला फटी भरून नळ, बेसिन, भांडं बसवायचं. ४ आणि ५ ला गोकुळाष्टमी आणि दहीकाला, तेव्हाही हजेरीचा भरवसा नाही. ६ ला पुन्हा रविवार. ७ आणि ८ ला बटणं बसवणं, टाकी भरून पाण्याची चाचणी आणि साफसफाई. हिशेब ८ सप्टेंबरला, मंगळवारी संपतो.

काकांना ८ सांगू नका, १० सांगा. मधले दोन दिवस तुमचे आहेत, एखादा गवंडी तापाने पडला तर ते लागतील. यापेक्षा मोठी फट ठेवायला तारखांत जागाच नाही, कारण काका १२ ला दारात उभे असतील. आणि त्यांना बरं वाटावं म्हणून ५ सांगण्याचा मोह होईल, तो आवरा. दुसऱ्यांदा दिलेली तारीखही चुकली तर तिसरीवर कोणी विश्वास ठेवत नाही.

यात रंग कुठे आला नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. तो गणपतीआधी होणार नाही, आणि करूही नये. नव्या प्लास्टरला रंगाआधी साधारण चार आठवडे सुकू द्यावं लागतं, आणि आपल्याकडे श्रावणात हवाच ओली असते, त्यामुळे त्याहूनही जास्त लागतात. ओल्या भिंतीवर रंग मारला तर तो फुगतो, त्याचे पोपडे निघतात, आणि ताज्या सिमेंटमधला क्षार बाहेर येऊन पांढरे डाग पडतात. भिंत सुकली का, हे हाताने कळत नाही, वरून कोरडी लागते. हातभर प्लास्टिकचा तुकडा घ्या, चारी कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीला घट्ट बसवा आणि एक दिवस तसाच ठेवा. दुसऱ्या दिवशी काढल्यावर आतल्या बाजूला बारीक थेंब दिसले किंवा भिंतीवर काळपट ओल उमटली, तर भिंत अजून पाणी सोडते आहे. हा तुकडा काकांसाठीही उपयोगी आहे, त्याचं कसं ते पुढे सांगते.

म्हणून तारखा दोन द्यायच्या. १० सप्टेंबरला राहण्याजोगं घर: नवीन न्हाणीघर, स्वयंपाकघर, पाणी, दिवे. आणि ३१ ऑक्टोबरला रंगासकट पूर्ण काम. तोपर्यंत पाऊस परतलेला असतो, भिंती सुकलेल्या असतात, आणि दिवाळी त्याच्या पुढच्या आठवड्यात आहे. गणपती बसतो ती माजघराची भिंत जुनी आणि कोरडी असेल, तर तेवढ्या एका भिंतीला आधी रंग देता येईल. त्यांना हे आपणहून सांगा. चौदाला सगळी भावकी त्याच भिंतीसमोर आरतीला उभी राहणार आहे, आणि नव्या न्हाणीघराच्या रंगापेक्षा काकांना तिचीच काळजी जास्त असेल.

आणखी एक. जुनं न्हाणीघर आणि जुनी चूल अजून मोडली नसेल तर मोडू नका. १० तारीख हुकलीच तर घरात पंधरा-वीस माणसं असताना तेवढाच आधार राहील. मोडली असेल, तर ताडपत्री टाकून तात्पुरती सोय कुठे करता येईल, ते फोनच्या आधी जागेवर जाऊन बघून ठेवा.

फोन रात्री साडेआठच्या सुमाराला करा, काका कामावरून घरी येऊन जेवायला बसायच्या आधी. त्यांच्या फोनची वाट बघू नका, तुम्ही करा. चालू कामावरून करू नका. कटरच्या आवाजात अर्धी वाक्यं जातात. जिथे पूर्ण रेंज मिळते तिथे जाऊन उभे राहा. गावात आपल्या सगळ्यांना ती जागा ठाऊक असते, कोणाची पिंपळाचा पार, कोणाची शाळेमागचा चढ. हे बारीक वाटेल, पण "काका, घर २५ ला होणार नाही" एवढं बोलून फोन कट झाला आणि पुढची दहा मिनिटं लागलाच नाही, तर त्या दहा मिनिटांत तिकडे काय होईल, याचा विचार करा.

बोलायचं काय, ते मी असं धरते:

"काका, पाच मिनिटं आहेत का? घराचं बोलायचं होतं. २५ तारखेला काम पूर्ण होणार नाही."

इथे थांबा. "त्याचं काय झालं की" म्हणून लगेच पुढे जाऊ नका. ते काहीतरी बोलतील, कदाचित मोठ्याने. त्यांचं बोलून होऊ द्या. मग:

"बारा दिवस माझे गवंडी मी दुसऱ्या कामावर लावले होते. ती माझी चूक आहे. तेवढ्यात तुमचं प्लास्टर व्हायला हवं होतं. मी आज सगळ्यांशी बोलून हिशेब केलाय. १० सप्टेंबरला न्हाणीघर, स्वयंपाकघर, पाणी आणि लाइट तयार असेल. नव्या भिंतींचा रंग मात्र तेव्हा होणार नाही. तो ३१ ऑक्टोबरपर्यंत करून देतो. माजघरातली गणपतीची भिंत मी आधी रंगवून ठेवतो."

एवढंच. या बोलण्यात "प्रयत्न करतो" कुठे नाही, "बघूया" नाही, "शक्यतो" नाही, आणि "होतला" तर नाहीच. आपल्या बोलीत तो शब्द प्रेमाने येतो, पण तुम्ही तो इतक्या वेळा वापरलाय की काकांच्या कानाला आता तो नकारासारखाच लागत असेल. माफी एकदाच मागा. पुन्हा पुन्हा मागितली की समोरच्यालाच "असू दे रे" म्हणावं लागतं, आणि त्यांच्या मनात तसं नसतं.

पुढे ते काय विचारतील, याचा अंदाज बांधता येतो. पहिला प्रश्न असेल, "मग हे आधी का नाही सांगितलंस?" याला एकच उत्तर आहे: "सांगायला हवं होतं काका. मला दोन आठवड्यांपूर्वी दिसलं होतं. भरून काढीन असं वाटलं, नाही जमलं." त्यात गवंड्याचं नाव घेऊ नका. काकांनी काम त्याला दिलं नव्हतं.

दुसरं, ते म्हणतील, "जास्त माणसं लाव आणि ५ ला दे." हा मोहाचा क्षण असतो, कारण हो म्हटलं की फोन गोडीत संपतो. पण जास्त माणसांनी प्लास्टर लवकर होईल, त्याला पाणी मारायचे सात दिवस कमी होत नाहीत. दिवस कमी करता येत नसले तरी काम कमी करता येतं, म्हणून तेवढंच त्यांच्यापुढे ठेवा: "काका, दिवस कमी होणार नाहीत. पण स्वयंपाकघराच्या टाइल्स गणपतीनंतर लावल्या तर न्हाणीघर दोन दिवस आधी मिळेल. तुम्हाला कसं सोयीचं ते तुम्ही ठरवा." निर्णय त्यांच्या हातात जातो आणि बोलणं भांडणावरून कामावर येतं.

तिसरं, "निदान रंग तरी मारून टाक, पाहुणे येणार." तेव्हा प्लास्टिकच्या तुकड्याचं सांगा. "भिंतीला प्लास्टिक लावून ठेवतो. तुम्ही १२ ला आलात की स्वतः काढून बघा. आत पाणी दिसलं तर रंग थांबवायचा, कोरडं दिसलं तर मी दुसऱ्या दिवशी रंगाऱ्याला बोलावतो." ओल्या भिंतीबद्दल तुमचा शब्द घेण्यापेक्षा त्यांना ते थेंब दिसतील, ते बरं.

आणि पैशाचं निघालं, "उशिराचे पैसे कापीन" म्हणाले, तर फोनवर आकडा बोलू नका, हुज्जतही घालू नका. "काका, त्याबद्दल १२ ला समोरासमोर बसून बोलू, मी टाळणार नाही" म्हणा आणि खरंच बसा. तुमच्याकडे पुढचा हप्ता बाकी असेल तर तो या फोनमध्ये मागू नका. कितीही गरज असली तरी तो आठवडाभराने मागा, प्लास्टर झालेलं दाखवून.

ही बातमी १० ऑगस्टलाच का द्यायची, हेही सांगते. काकांना त्यांच्या बाजूनेही काही बदलावं लागेल. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी सुरू होतं, म्हणजे त्यांची तिकिटं जुलैतच निघाली असणार. मुलं-सुना यांची वेगळी. कोण कुठे झोपणार, आजींना जुन्या न्हाणीत पायरी चढून जमेल का, एखादं कुटुंब चुलत्यांकडे उतरेल का, हे त्यांना भावकीशी बोलून ठरवावं लागेल. महिनाभर आधी कळलं तर हे सगळं निवांत जमतं. ११ सप्टेंबरला, ते गाडीत बसल्यावर कळलं, तर काही जमत नाही, आणि त्या वर्षीचा सगळा सण तुमच्या नावाने खराब होतो. मुंबईत वर्षभर ज्या दिवसांची वाट बघतात ते हे दिवस आहेत, ते तुम्हाला मी वेगळं सांगायला नको.

फोन ठेवला की त्याच रात्री व्हॉट्सअॅपवर चार ओळी पाठवा. कारणं पुन्हा नकोत, नुसत्या तारखा: प्लास्टर पूर्ण १८ ऑगस्ट, टाइल्स पूर्ण १ सप्टेंबर, राहण्याजोगं घर १० सप्टेंबर, रंगासकट पूर्ण ३१ ऑक्टोबर. बोलताना ऐकलेली तारीख घरात सांगताना बदलते. काकींना १० सांगितलं जातं आणि सुनेपर्यंत ते ८ होतं.

मग पुढचा फोन कधी, ते तुम्ही ठरवून सांगा: "१८ ला संध्याकाळी मी फोन करतो." आणि प्लास्टर झालेलं असो वा नसो, १८ ला करा. झालं असेल तर भिंतींचा फोटो पाठवा, दिवसाच्या उजेडात काढलेला, कोपऱ्यांसकट. नसेल झालं, तर किती राहिलं ते भिंतींच्या हिशेबात सांगा: "न्हाणीघर झालं, स्वयंपाकघराची एक भिंत बाकी, उद्या होईल." त्या दोन राखीव दिवसांतला एक गेला, हेही सांगा. काकांचे दर दोन दिवसांचे फोन त्यानंतर आपोआप कमी होतील, कारण पुढचं कधी कळणार हे त्यांना माहीत असेल.

आणि समजा १ सप्टेंबरलाच दिसलं की १० काही जमत नाही, तर १ तारखेलाच रात्री साडेआठला पुन्हा त्या रेंजच्या जागेवर जा. जुनं न्हाणीघर उभं आहे, त्यात दिवा आणि पाणी आहे, हे आधी स्वतः बघून घ्या आणि मग फोन लावा.